शेरवानी कुणाकडे शिवली?

पाटी रंगवून घ्यायला आलेला दुकानदार नाव पक्कं करूनच येतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं तर तो खिशात चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर चार-पाच नावं असतात, घरातल्या प्रत्येकाने सुचवलेलं एकेक. पेंटरने ती अक्षरांत कशी दिसतील ते बघावं आणि एक निवडून द्यावं, अशी त्याची अपेक्षा असते. पुण्याच्या पेठांमध्ये पाट्या रंगवताना माझा निम्मा वेळ त्यामुळे नावं ऐकण्यात आणि त्यांवर बोलण्यात गेला. ब्रशचं काम पुढे फ्लेक्सने आणि अ‍ॅक्रिलिकच्या अक्षरांनी कमी केलं, पण नावाचं काम काही कमी झालं नाही.

यात सगळ्यात अवघड नाव कशाचं, असं कुणी विचारलं तर मी पुरुषांच्या सूटचं आणि लग्नाच्या शेरवानीचं दुकान सांगतो. हॉटेलचं नाव फसलं तरी वास गिऱ्हाईक ओढतो. शर्ट-पँट शिवणाऱ्याचं नाव कसंही असलं तरी गल्लीतली माणसं एकदा शर्ट टाकून बघतात, बिघडला तर घरात वापरतात. शेरवानी बहुतेक माणूस आयुष्यात एकदाच शिवतो. ती चांगली निघाली की नाही हे कळायच्या आत पैसे द्यावे लागतात, कापड कापलं जातं, आणि मुहूर्त पुढे ढकलता येत नाही. हा एवढा भरवसा नवीन दुकानाने कशाच्या जोरावर मागायचा? सुरुवातीला त्याच्याजवळ फक्त पाटी असते.

अशा एका दुकानाचं नाव आम्ही कसं ठरवलं ते सांगतो. मालक म्हणजे एका मोठ्या दुकानात वर्षानुवर्षं कटर असलेले गृहस्थ. नोकरी सोडून सदाशिव पेठेत स्वतःचा गाळा घेतला होता. त्यांचं आडनाव इथे बदलून माळवदे करतो, पण अक्षरं तितकीच आणि चाल तीच ठेवतो, कारण पुढचं बरंचसं त्या अक्षरांवर अवलंबून आहे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. कटरला सगळीकडे मास्तरच म्हणतात.

मास्तरांनी मागणी फार नेमकी केली. म्हणाले, "पेंटर, नाव जुन्या वळणाचं पाहिजे. पण जुनाट नको. बापलेक दारात उभे राहिले, तर बापाला वाटलं पाहिजे की इथे अ‍ॅडव्हान्स द्यायला हरकत नाही, आणि पोराला वाटता कामा नये की हा आपल्याला आजोबांचा कोट शिवून देईल."

त्यांच्या चिठ्ठीवर पहिलं नाव पुतण्याने सुचवलेलं होतं, 'रॉयल शेरवानी स्टुडिओ'. दुसरं 'पेशवाई'. तिसरं मास्तरांच्या पत्नीने सुचवलेलं, 'श्री नामदेव टेलर्स'. चौथं मास्तरांचं स्वतःचं, थोडं बिचकत लिहिलेलं, 'लखनवी'. शेवटी मेव्हण्याने सुचवलेलं, 'माळवदे अँड सन्स, स्थापना १९६१'.

चिठ्ठी बाजूला ठेवून मी त्यांना एक विचारलं. लग्नात कुणी नवरदेवाला "शेरवानी कुठे शिवली?" असं विचारलं, तर तो काय उत्तर देईल? उत्तर मोठ्याने बोलून दाखवा. मास्तर म्हणाले, "रॉयलमध्ये शिवली." मग म्हणाले, "पेशवाईत शिवली." आणि स्वतःच थांबले.

मराठी माणूस दागिने 'गाडगीळांकडे' करतो, बाकरवडी 'चितळ्यांकडून' आणतो. नाव माणसाचं असलं की दुकानाला 'कडे' लागतं, आणि आडनाव आपोआप आदरार्थी अनेकवचनात जातं. नाव वस्तूचं, भावनेचं किंवा वैभवाचं असलं की 'मध्ये' लागतं. 'रॉयलमध्ये' म्हणताना एक जागा सांगितली जाते. 'माळवद्यांकडे' म्हणताना एक माणूस सांगितला जातो. ज्याला मापासाठी अंगाला हात लावू द्यायचा आणि ज्याच्या शब्दावर लग्नाची तारीख सोपवायची, तो कुणीतरी माणूस असलेला बरा. जुन्या वळणाच्या नावांवर लोक विश्वास ठेवतात त्याचं मला दिसलेलं कारण हे आहे. ही नावं बाही आखूड निघाली तर कुणाला हाक मारायची तेवढं सांगून टाकतात.

आपल्याकडच्या जुन्या पाट्या या नजरेने वाचून बघा. 'चितळे बंधू मिठाईवाले' या तीन शब्दांत कोण, एकमेकांचे कोण आणि काय विकतात हे सगळं येतं. चौथ्या शब्दाची गरज उरत नाही. 'पु. ना. गाडगीळ' या नावात धंदा लिहिलेलाच नाही. सांगलीत १८३२ पासून सोन्याचा व्यवहार केलेल्या घराण्याला तो लिहायची गरजही नव्हती. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीतली गोष्ट वेगळी नाही. हेन्री पूल हे माणसाचं नाव. १९०६ साली सुरू झालेल्या अँडरसन अँड शेपर्डमधला अँडरसन कोट कापायचा आणि शेपर्ड पँट. म्हणजे दारावरची दोन्ही नावं कात्री चालवणाऱ्यांची होती. अलीगढला शेरवानीसाठी मेहदी हसन यांचं दुकान नावाजलेलं, तेही माणसाच्याच नावाने. मुंबईत माधव अगस्ती यांनी 'मिस्टर इंडिया'तल्या मोगॅम्बोचा पोशाख शिवला. त्यांच्या दुकानाचं नाव 'माधव्ज मेन्स मोड्स'. त्यात 'मोड्स' हा त्या काळच्या फॅशनचा शब्द आहे, पण पुढे उभा आहे तो माधवच.

मग चिठ्ठीवरचं एकेक नाव घेतलं. 'रॉयल' आणि 'पेशवाई' या नावांत ग्राहकाच्या थाटाबद्दल बोललं जातं, शिवणाऱ्याबद्दल काही कळत नाही. शिवाय दोन्ही नावं ऐकली की तयार कपड्यांची शोरूम किंवा भाड्याने पोशाख देणारं दुकान डोळ्यांपुढे येतं. तो धंदा चांगलाच आहे, पण मास्तरांचा नाही. माप घेऊन, कच्ची शिलाई करून, दोन ट्रायल देऊन कपडा तयार करणाऱ्याने असं नाव घेतलं, तर येणारं गिऱ्हाईक हँगरवरची रांग शोधत येणार आणि ती दिसली नाही की मागे फिरणार. नाव चुकीचं असल्याची पहिली खूण हीच. पहिल्या महिन्यात दारातून लोक काय मागत आत येतात ते ऐकावं. तीन-चार जणांनी "भाड्याने मिळेल का?" असं विचारलं, तर समजावं की पाटी दुसऱ्याच धंद्याची जाहिरात करते आहे.

'श्री नामदेव टेलर्स' मला मनापासून आवडलं. शिंपी समाजात संत नामदेवांचं नाव दुकानाला देणं ही श्रद्धेची आणि ओळखीचीही गोष्ट आहे, आणि अशा दुकानांत मी आदरानेच पाट्या रंगवल्या आहेत. अडचण एकच. हे नाव इतक्या जणांनी तितक्याच श्रद्धेने घेतलं आहे की नवरदेवाच्या मित्राने फोनवर शोधलं तर तो दुसऱ्याच नामदेवात पोचेल. गावात एकच टेलर असतो तिथे हे नाव शोभतं. पुण्यात त्या नावावरून हाक कुणाला मारायची हे कळत नाही. वहिनींना मी म्हटलं की नामदेवांची तसबीर गल्ल्याच्या वर लावा, ती तिथे अधिक शोभेल. त्यांना ते पटलं.

'लखनवी'मागे मात्र एक कथा होती. मास्तर सूट शिकले पुण्यात, पण शेरवानी त्यांना शिकवली मुंबईतल्या एका उस्तादांनी. उस्ताद मूळचे लखनौकडचे. शेरवानीच्या छातीत कॅनव्हास कसा बसवायचा, उभ्या पट्टीची कॉलर मानेला टोचणार नाही पण ढिलीही पडणार नाही अशी कशी कापायची, बटणांची ओळ गळ्यापासून खाली सरळ कशी ठेवायची, हे सगळं त्यांच्या हाताखाली शिकले. 'लखनवी' म्हणजे त्या माणसाला केलेला नमस्कार होता. पण पाटी वाचणाऱ्याला तो नमस्कार दिसणार नव्हता. त्याला चिकनकारीचा कुर्ता दिसला असता, नाहीतर बिर्याणी. एका गावाचं नाव उसनं घेतलं की त्या गावाबद्दल लोकांच्या डोक्यात असलेलं सगळं सोबत येतं, त्यातलं हवं तेवढं निवडता येत नाही. मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उस्तादांचं नाव मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. रोज उघडणार ती." मला ही जागा पाटीपेक्षा चांगली वाटली.

राहिलं मेव्हण्याचं नाव, आणि त्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. माळवदे हा शब्द त्यात होता, म्हणजे दिशा बरोबर होती. 'अँड सन्स' खोटं होतं, कारण मास्तरांचा मुलगा बंगळुरूला कंपनीत नोकरी करतो आणि परत येऊन कात्री धरण्याचा त्याचा विचार नाही. 'बंधू' खोटं ठरलं असतं, भाऊ गावी शेती करतात. 'आणि मंडळी' हा जुना मराठी घाट मला फार प्रिय आहे, पण मंडळींमध्ये मास्तर आणि दोन कारागीर एवढेच. अशा शब्दांनी दुकान मोठं वाटतं खरं, पण गिऱ्हाईक कधीतरी सहज विचारतं, "मुलगा दिसत नाही हो दुकानात?" तेव्हा खरं उत्तर दिलं की पाटी खोटी पडते.

आणि '१९६१'. हे साल आलं कुठून? मास्तरांच्या वडिलांनी सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी त्या वर्षी शिलाई मशीन घेतली होती. ते सदरे, लेंगे, कोपऱ्या शिवायचे. मेव्हण्याचं म्हणणं, घराण्यात शिवणकाम तेव्हापासूनच आहे ना? आहे. पण 'स्थापना' या शब्दाने वाचणाऱ्याला हे दुकान तेव्हापासून आहे असं सांगितलं जातं. पुण्यात आजोबांचा लग्नाचा कोट नीट आठवणारी माणसं अजून पेठांमध्ये राहतात. एखादे आजोबा आत येऊन विचारतील, "एकसष्ट साली कुठे होतं हो तुमचं दुकान? मी इथेच राहायचो." या एका प्रश्नासाठी मी नव्या दुकानाच्या पाटीवर जुनं साल लिहीत नाही. जुनेपणाचा आव आणण्याच्या बाकीच्या युक्त्याही मी टाळतो. मुद्दाम खरवडलेली अक्षरं, पिवळट केलेला पायमशीनचा फोटो, 'परंपरा' आणि 'वारसा' हे शब्द. खरंच जुन्या दुकानाच्या पाटीवर यातलं काही नसतं. तिथे नाव, काम आणि पत्ता असतो, आणि रंग वेळेवर मारलेला असतो.

म्हणून आम्ही ठरवलं की जुन्या पाटीचा घाट घ्यायचा, पण त्यात जे भरायचं ते आजचं आणि खरं. आडनाव ठरलंच होतं. त्याच्या आधी काय? मास्तर वडिलांची आद्याक्षरं लावायला निघाले होते. भावना समजण्यासारखी होती. पण मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, की गिऱ्हाईक म्हणेल 'ग. वि. म्हणजे कोण?' तर काय सांगाल? "माझे वडील." "ते सूट शिवायचे?" "नाही." म्हणजे एका उत्तरानंतर दुसरं उत्तर द्यावं लागतं, आणि दुसऱ्या उत्तरात भरवसा थोडा कमी होतो. स्वतःची आद्याक्षरं लावली तर गल्ल्यापाशी उभा माणूस म्हणू शकतो, "मीच." मराठी रीतीत पहिलं अक्षर स्वतःचं आणि दुसरं वडिलांचं असतं. त्यामुळे 'द. ग. माळवदे' असं लिहिलं की वडील नावात येतातच. वेगळा मान द्यायची गरज उरत नाही. हे मास्तरांना एकदम पटलं.

आद्याक्षरांचा आणखी एक उपयोग आहे. आडनाव कुणा एकाची मालमत्ता नाही. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणे स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या दुसऱ्या माणसाला आपण अडवू शकत नाही. उद्या दुसरे माळवदे शेजारी दुकान काढतील तर काढू शकतात. पण दुसरे 'द. ग.' माळवदे कोट कापणारे निघतील, हे फार कमी संभवतं. नाव नोंदवायचं असेल तर आधी ट्रेड मार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा, तो फुकट आहे. माप घेऊन शिवून देण्याचं काम ४० व्या वर्गात येतं, तयार कपडे २५ व्या वर्गात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये, आणि नोंद झाली की ती दहा वर्षांची. आम्ही दोन्ही वर्ग पाहिले. नुसतं 'माळवदे' लिहून आणि उच्चाराने सारखी नावं शोधून, दोन्ही प्रकारे. वाट मोकळी होती. 'रॉयल' लिहून पाहिलं असतं तर पानंच्या पानं आली असती.

कुणी म्हणेल, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मग 'माळवदे मास्तर' हेच नाव का नाही? मास्तर ही पदवी दुसऱ्याने द्यायची असते. पाटीवर ती स्वतः लावली की तिचा गोडवा जातो. शिवाय लोक तसंही 'माळवदे मास्तरांकडे' म्हणणारच आहेत. जे तोंडात आपोआप येणार आहे त्याला पाटीवर जागा कशाला द्यायची?

दुसऱ्या ओळीवर, म्हणजे काम सांगणाऱ्या ओळीवर, मी नेहमी नावाइतकाच वेळ घालवतो. 'टेलर्स' हा शब्द सगळ्यांना कळतो, पण गल्लीत शर्टाची बाही आखूड करून देणाराही टेलर्सच असतो. 'क्लॉथियर्स', 'आउटफिटर्स' हे शब्द पूर्वी कॅम्पातल्या आणि फोर्टातल्या मोठ्या दुकानांवर शोभायचे, कारण तिथे कापडही मिळायचं आणि तयार मालही. मास्तर कापड ठेवणार नव्हते, गिऱ्हाईकाने आणलेलं किंवा नमुन्यातून मागवलेलंच शिवणार होते. 'मेन्स वेअर' म्हटलं की पुन्हा हँगरची रांग. 'शिंपी' लिहायचं माझ्या मनात आलं होतं, पाटीवर सुंदर दिसलं असतं. मास्तर म्हणाले, "पेंटर, मी शिंपीच आहे, पण फोनवर कुणी 'शिंपी आहेत का?' असं विचारत नाही." बरोबर होतं. दाखवण्यासाठी घेतलेला जुना शब्द आणि खोटं साल यांत फारसं अंतर नाही. शेवटी ओळ ठरली, 'सूट आणि शेरवानीचे टेलर'. एकवचन. शर्ट-पँट, सफारी, जोधपुरी, ऑल्टरेशन अशी यादी नाही. बाकीचं काम येईल तसं घेता येतं. पाटीवर दोनच कामं लिहिली की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस हेच करतो. तिसऱ्या ओळीत 'सदाशिव पेठ, पुणे ३०'. हा पत्त्याचा तुकडा पुण्यात राहणाऱ्याला लगेच ओळखीचा वाटतो, आणि तो पूर्ण खरा आहे.

आता अक्षरं. नाव कानाला चांगलं असून भागत नाही, ते पाटीवर बसावंही लागतं. देवनागरीत एका ओळीला तीन मजले लागतात. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. 'श्री नामदेव टेलर्स'मध्ये 'श्री'ची वेलांटी आणि 'र्स'चा रफार वर जातो, म्हणून अक्षराचा मूळ भाग लहान करावा लागतो. 'द. ग. माळवदे' लिहून बघा. खाली काहीच उतरत नाही, वर फक्त शेवटच्या 'दे'ची एक मात्रा. अशा नावाला मी नशीबवान म्हणतो. मास्तरांच्या गाळ्यावर पाटीला दहा फूट बाय अडीच फूट जागा होती. तेवढ्यात नावाची अक्षरं नऊ इंच उंच बसली, दुसरी ओळ चार इंचाची. समोरचा फुटपाथ साधारण चाळीस फुटांवर आहे. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा की दर दहा फुटांना अक्षराची उंची किमान एक इंच. म्हणजे पलीकडून नाव आरामात वाचता येतं आणि दुसरी ओळ जेमतेम. ते तसंच हवं होतं. आधी माणूस कळावा, रस्ता ओलांडताना काम कळावं.

वळण मी निर्णयसागरच्या धर्तीचं घेतलं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या या छापखान्याच्या टाइपात जाड आणि बारीक रेघांचा फरक स्पष्ट असतो, बोरूने लिहिल्यासारखा. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पोथ्या आणि पंचांगं याच वळणात वाचली, म्हणून ते डोळ्यांना ओळखीचं वाटतं. पण बारीक रेघ लांबून विरते. ती मी मूळ टाइपापेक्षा थोडी जाड ठेवतो. गडद हिरव्यावर फिकट पिवळं, एका बाजूने बारीक काळी शेड. सोनेरी रंग मास्तरांना हवा होता. त्याला मी नाही म्हटलं, कारण साधा सोनेरी एनॅमल उन्हात काही काळाने तपकिरी पडतो, आणि खरा वर्ख बाहेरच्या पाटीवर त्यांना परवडला नसता.

इंग्रजी नाव खाली, लहान. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही पाटी मराठीत लावावी लागते, देवनागरी आधी आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. या नावाला कायद्याची अडचण होण्याचं कारणच नव्हतं. अडचण होती स्पेलिंगची. माळवदे हे Malvade, Malwade आणि Malavade असं तीन तऱ्हांनी लिहिता येतं, आणि 'दे'चं 'डे' होण्याची भीती तिन्हींत आहे. मेव्हण्याला अंकशास्त्राप्रमाणे एक जादा ए घालायचा होता. मी मास्तरांना बँकेचं पासबुक आणायला सांगितलं. त्यात Malvade होतं, तेच पाटीवर घेतलं. कारण हल्ली अ‍ॅडव्हान्स फोनवरून दिला जातो, आणि पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव दिसतं. पाटीवर 'रॉयल' आणि पडद्यावर कुणीतरी माळवदे दिसला, की देणाऱ्याचा अंगठा क्षणभर थांबतो. तो विचारतो, "हे तुमचंच ना?" मास्तरांच्या दुकानात पाटी, पावती, पडदा आणि समोरचा माणूस, चारही ठिकाणी एकच नाव आहे. तिथे हा प्रश्न येत नाही.

शेवटची परीक्षा कोटाच्या आतल्या खिशावरच्या लेबलची. दोन इंच रुंद आणि पाऊण इंच उंच विणलेल्या पट्टीत निर्णयसागरी बारीक रेघ टिकत नाही, धागा तिला गिळतो. 'ळ'ची दोन पोटं तर भरूनच जातात. म्हणून लेबलसाठी मी तीच अक्षरं एकसारख्या जाडीच्या रेघेत पुन्हा काढून दिली आणि 'ळ' थोडा रुंद केला. पट्टीवर नाव आणि 'पुणे' एवढंच. त्याखाली साध्या कापडाची दुसरी पट्टी, तिच्यावर मास्तर ग्राहकाचं नाव आणि ट्रायलनंतर कपडा पूर्ण झाल्याची तारीख पक्क्या शाईने हाताने लिहितात. सॅव्हिल रोच्या कोटांमध्ये आतल्या खिशात अशी नोंद असते, असं त्यांनी ऐकलं होतं. मला या पट्टीचं महत्त्व वेगळं वाटतं. पाटीवर साल नाही हे खरं, पण आजपासून प्रत्येक कपड्यात एक खरी तारीख जाते आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम सैल ठेवली आहे. पुढे कधी मास्तरांनी कापड ठेवायला सुरुवात केली, किंवा मुलगा खरंच परतला, तर दुसरी ओळ बदलावी लागेल. म्हणून नाव एका पत्र्यावर रंगवलं आणि कामाची ओळ त्याच्या खाली वेगळ्या पट्टीवर, चार स्क्रूंवर. पट्टी काढून नवी लावायला अर्धा तास पुरेल, आणि वरच्या नऊ इंची अक्षरांना हात लावावा लागणार नाही.